शंभर रुपयांच्या ठेवीतून कर्ज किती? सीआरआर आणि एसएलआर स्वतः मोजून पाहा

बँकेच्या निधी विभागात नव्यानं रुजू झालेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी एक कोरा कागद देतो आणि एकच प्रश्न विचारतो. "आपल्याकडे आज शंभर रुपयांची ठेव आली. यातलं कर्ज किती देता येईल?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. सीआरआरचे, म्हणजे रिझर्व्ह बँकेत ठेवायच्या रोकडीचे, ३ गेले; एसएलआरचे, म्हणजे मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचे, १८ गेले, म्हणजे ७९. वजाबाकी बरोबर आहे, उत्तर मात्र चूक आहे. ते का चूक आहे हे ज्याला उमगलं, त्याला रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची बातमी नीट वाचता येते.

यासाठी आपण एक बँक कागदावर उभी करू आणि शेवटपर्यंत तिचेच आकडे वापरू. बँक काल्पनिक आहे, पण शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत नाव असलेली, व्यापारी बँक आहे असं धरू.

पायरी १ : आधी पाया मोजा

सीआरआर म्हणजे रोख राखीव प्रमाण, एसएलआर म्हणजे वैधानिक तरलता प्रमाण. पहिल्याचा आधार रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ४२, दुसऱ्याचा बँकिंग नियमन कायद्याचं कलम २४. दोन्ही टक्केवाऱ्या एकाच पायावर लागतात, त्याला रोजच्या बोलण्यात एनडीटीएल म्हणतात. बँक लोकांना जे देणं लागते त्याची ती निव्वळ बेरीज. यात मागताक्षणी द्यावं लागणारं देणं येतं आणि मुदतीनंतर द्यायचंही येतं.

आपल्या बँकेत चालू खात्यांत ८०० कोटी आहेत, बचत खात्यांत ३,३०० कोटी आणि मुदत ठेवींत ५,७०० कोटी. न वटलेले डिमांड ड्राफ्ट, ठेवींवर चढलेलं पण अजून न दिलेलं व्याज अशी किरकोळ देणी २०० कोटी. एकूण १०,००० कोटी. दुसऱ्या बँकांना आपण ३०० कोटी देणं लागतो आणि त्यांच्याकडून तेवढंच येणं आहे, म्हणून ते एकमेकांत वळतं झालं. 'निव्वळ' शब्द आला तो इथून.

नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो. तो फक्त ठेवी धरतो आणि ती 'किरकोळ' २०० कोटी विसरतो. नियम ठेवींवर नाही, देण्यांवर आहे. इथली चूक लगेच दिसत नाही, ती तपासणीत दिसते, आणि तोवर कित्येक पंधरवड्यांची विवरणपत्रं चुकीच्या आकड्यावर गेलेली असतात.

आजची रोकड मोजताना पाया मात्र आजचा नसतो. दोन पंधरवड्यांआधीच्या अखेरच्या दिवशी जी देणी होती, त्यांवर या पंधरवड्याचा सीआरआर ठरतो. त्यामुळे बँकेला आकडा आधीच माहीत असतो आणि ती तयारी करू शकते. जुन्या पुस्तकांत पंधरवडा शुक्रवारी संपणारा दिसेल. २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्तीनं तो महिन्याच्या १ ते १५ आणि १६ ते अखेर असा केला आहे, तेव्हा जुन्या नोट्स वाचताना गोंधळू नका.

पायरी २ : सीआरआर, म्हणजे हातची गेलेली रोकड

२९ नोव्हेंबर २०२५ पासून सीआरआर ३ टक्के आहे. आपल्या बँकेला ३०० कोटी लागतील. ही रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यात शिल्लक हवी. शाखेच्या तिजोरीत किंवा एटीएममध्ये कितीही नोटा असल्या, तरी शेड्यूल्ड बँकेच्या सीआरआरमध्ये त्यातला एक रुपयाही धरला जात नाही. (बिगर-शेड्यूल्ड नागरी सहकारी बँकांचं वेगळं आहे. त्यांना ही रोकड स्वतःकडेही ठेवता येते.) या शिल्लकीवर व्याज मिळत नाही, २००७ सालापासून ते बंद आहे. बँक ठेवीदाराला व्याज देते ते पूर्ण शंभरावर, कमावते ते मात्र ९७ वर. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागेल.

रोज नेमके ३०० कोटीच ठेवायचे असं नाही. पंधरवड्याची सरासरी ३०० यायला हवी, आणि कुठल्याही एका दिवशी शिल्लक त्याच्या ९० टक्क्यांखाली, म्हणजे २७० कोटींखाली जाता कामा नये. निधी विभागातलं कसब या दोन अटींच्या मधल्या जागेत असतं.

समजा पंधरवडा १ ते १५ तारखेचा आहे. पंधरा दिवस गुणिले ३००, म्हणजे ४,५०० कोटींचा 'प्रॉडक्ट' पुरा करायचा आहे. आमच्याकडे सगळे हाच शब्द वापरतात. पहिले पाच दिवस बाजारात रातोरात मिळणारा पैसा महाग आहे, म्हणून डीलर रोज २७० वरच थांबतो. पाच दिवसांत १,३५० जमले. उरले ३,१५० आणि दिवस दहा. आता रोज ३१५ कोटी ठेवले की सरासरी बरोबर बसते. पैसा पुढे स्वस्त होईल हा अंदाज खरा ठरला, तर बँकेचे पैसे वाचतात. खोटा ठरला, तर शेवटचे दोन-तीन दिवस मिळेल त्या भावानं पैसा उचलावा लागतो.

खालची मर्यादा ओलांडली तर काय होतं तेही मोजू. एखाद्या दिवशी शिल्लक २६० कोटी राहिली. तूट १० कोटींची. त्या दिवसाच्या तुटीवर बँक रेट अधिक ३ टक्के दरानं दंडव्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेआठ टक्क्यांनी एका दिवसाचे साधारण २३,२८८ रुपये. दुसऱ्या दिवशीही तूट राहिली तर दर बँक रेट अधिक ५ टक्के होतो. दहा हजार कोटींच्या बँकेला ही रक्कम काहीच नाही. त्रास होतो तो रिझर्व्ह बँकेला कारण कळवण्याचा आणि तपासणी अहवालात आलेल्या ओळीचा.

मी स्वतः हे एकदा भोगलं आहे. आमचा त्या पंधरवड्यातला किमान आकडा १४२ कोटी होता. शुक्रवारी १४५ वर खातं बंद करून आम्ही घरी गेलो. आरटीजीएस चोवीस तास सुरू झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि जुनी सवय अशी की शुक्रवारची शिल्लक सोमवारपर्यंत हलत नाही. रविवारी सकाळी एका मोठ्या खातेदारानं आपले पैसे दुसऱ्या बँकेत वळवले. रात्री खात्यात १३९ कोटी उरले. बँका एकमेकींकडून रातोरात पैसे उचलतात तो कॉल मनीचा बाजार रविवारी बंद. रिझर्व्ह बँकेची तातडीची कर्जखिडकी, म्हणजे एमएसएफ, वापरता आली असती, पण रिझर्व्ह बँकेतलं आपलं खातं जिथे दिसतं त्या ई-कुबेर प्रणालीचा पडदा बघायला कुणी बसलेलंच नव्हतं. दंड काही हजारांचाच भरला. त्यानंतर मात्र शुक्रवारी किमान आकड्याच्या वर किती उशी ठेवायची, याचा लेखी नियम आम्ही केला आणि शनिवार-रविवारी एक माणूस फोनवर बांधून ठेवला. नव्या माणसानं हा नियम पहिल्याच आठवड्यात पाठ करावा. सुट्टीचा दिवससुद्धा सीआरआरचा दिवस असतो.

पायरी ३ : एसएलआर, म्हणजे बँकेकडेच राहणारी पण बांधलेली मत्ता

एसएलआर एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. आपल्या बँकेसाठी १,८०० कोटी, आणि इथे सरासरीची सवलत नाही, रोजच्या रोज हवेत. हा पैसा रिझर्व्ह बँकेत जात नाही, बँकेच्याच ताळेबंदात राहतो. फक्त रूप ठरलेलं आहे : रोकड, सोनं, किंवा केंद्र सरकारचे कर्जरोखे, ट्रेझरी बिलं आणि राज्य सरकारांचे विकास कर्जरोखे. प्रत्यक्षात जवळपास सगळं सरकारी रोख्यांतच असतं. महाराष्ट्र सरकार बाजारातून कर्ज उभारतं, तेव्हा ते रोखे घेणाऱ्यांत बँका असतात आणि ते या खात्यात मोजले जातात. तुमच्या मुदत ठेवीतला काही पैसा असा सरकारी तिजोरीपर्यंत पोचतो.

इथे दोन गोष्टी तपासा. शाखांमधल्या नोटा, ज्या सीआरआरला चालल्या नव्हत्या, त्या एसएलआरला चालतात. दुसरं, रोखा मोकळा हवा. कुठे तारण ठेवला असेल तर तो मोजायचा नाही. आपल्या बँकेकडे २,४५० कोटींचे रोखे आहेत, त्यांतले ५० कोटींचे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे मार्जिन म्हणून अडकले आहेत, आणि शाखांत-एटीएममध्ये १०० कोटींच्या नोटा आहेत. तर मोजायचं असं : २,४५० वजा ५० अधिक १००, म्हणजे २,५०० कोटी. प्रमाण २५ टक्के. लागतात १,८००, आहेत २,५००. सातशे कोटी जास्तीचे. हा सातशेचा आकडा लक्षात ठेवा.

एक सोय सांगायला हवी. अडचणीच्या रात्री एसएलआरच्या कोट्यातले रोखे ठेवूनही एमएसएफमधून पैसे उचलता येतात, देण्यांच्या २ टक्क्यांपर्यंत. आपल्या बँकेला म्हणजे २०० कोटी. तेवढ्यापुरतं प्रमाण १८ च्या खाली गेलं तर दंड नाही. दर रेपोपेक्षा पाव टक्का जास्त पडतो. सीआरआर सांभाळायला एसएलआर असा कामी येतो.

पायरी ४ : आता कर्जाची जागा बघा

आपल्या बँकेचं स्वतःचं भांडवल ९०० कोटी धरू. देण्यांसह एकूण पैसा १०,९०० कोटी. तो असा लागला आहे : रिझर्व्ह बँकेत ३००, रोख्यांत २,४५०, नोटा १००, इमारती-संगणक वगैरे २५०, आणि उरलेले ७,८०० कोटी कर्जात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. नियमानं बँकेला रोखे आणि नोटा मिळून १,८०० पुरेसे होते, तरी तिनं जास्त ठेवले. कायद्यानं अडवलं म्हणून नव्हे, तिनं स्वतः ठरवलं म्हणून. सरकारी रोख्यात बुडीत होण्याची भीती नाही, त्यावर भांडवल बाजूला ठेवावं लागत नाही, आणि अचानक ठेवी काढल्या गेल्या तर विकून किंवा गहाण टाकून पैसा लगेच हाती येतो. शिवाय तीस दिवसांच्या ताणात पुरेल इतकी तरल मत्ता ठेवण्याचा एलसीआर नावाचा वेगळा नियम आहे, त्यासाठीही हेच रोखे लागतात. चांगला कर्जदार मिळेना तेव्हा बँक पैसा रोख्यांत टाकते आणि थांबते.

म्हणून दोन प्रमाणांतल्या कपातींचा परिणाम एकसारखा होत नाही. हे आकड्यांत बघा.

सीआरआर ४ चा ३ झाला, तेव्हा आपल्या बँकेला ४०० ऐवजी ३०० कोटी ठेवायचे झाले. शंभर कोटी खरोखर मोकळे झाले. कालपर्यंत शून्य व्याजावर पडलेला पैसा आज कुठेतरी लावावाच लागतो. धंद्याच्या कर्जात दिला तर भांडवलाचा प्रश्न येतो : जोखीम-भार १०० टक्के, म्हणजे कर्जाची अख्खी रक्कम जोखमीत मोजली, आणि वाईट काळासाठीच्या संवर्धन राखीवासह किमान भांडवल ११.५ टक्के धरलं तर शंभर कोटींच्या कर्जामागे साडेअकरा कोटींचं भांडवल अडकतं. तेवढं आपल्या बँकेकडे आहे, म्हणून कर्ज देता येईल. नसतं, तर मोकळे झालेले शंभर कोटी पुन्हा रोख्यांत गेले असते.

आता समजा एसएलआर १८ चा १७ झाला. हिशोबानं इथेही शंभर कोटी 'मोकळे'. पण बँकेकडे आधीच सातशे जास्तीचे होते. आता आठशे जास्तीचे झाले. एकही रोखा विकला जाणार नाही, एकही कर्ज वाढणार नाही. सीआरआरची कपात पैसा सोडते, एसएलआरची कपात परवानगी देते. ज्या बँकेला आधीच्या परवानगीचीच गरज नव्हती, तिला नव्या परवानगीनं फरक पडत नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. १९९० च्या सुमारास सीआरआर १५ टक्के आणि एसएलआर ३८.५ टक्के होता. शंभरातले ५३.५० रुपये बँकेच्या हाती येण्याआधीच लागलेले. उरलेल्या ४६.५० मधून दिलेल्या कर्जाचा ४० टक्के भाग शेती, लघुउद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला. शंभर रुपयांतले जेमतेम २८ रुपये बँकेनं स्वतःच्या निर्णयानं द्यायचे. त्या काळात एसएलआर १ टक्क्यानं उतरला असता तर कर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या कारखानदाराला ते लगेच जाणवलं असतं. १९९१ च्या नरसिंहम समितीनं ही दोन्ही प्रमाणं खाली आणायला सांगितलं ते यामुळे. तेव्हा नियम हीच खरी अडचण होती. आज बहुतेक वेळा भांडवल, ठेवी आणि कर्जदाराची पत या अडचणी आधी येतात.

पायरी ५ : एका बँकेकडून सगळ्या बँकांकडे

पाठ्यपुस्तकात गुणक असतो. सीआरआर ३ टक्के, म्हणजे एक रुपयाच्या राखीव रकमेवर ३३ रुपयांच्या ठेवी. हे वाचून काहींना वाटतं की आपल्या बँकेनं मोकळ्या झालेल्या शंभर कोटींवर तेहेतीसशे कोटी वाटावेत. तसं करायला गेलं तर बँक पहिल्याच दिवशी उताणी पडेल. सांगलीतल्या एका कारखान्याला आपण पाच कोटींचं यंत्रखरेदीचं कर्ज मंजूर केलं. कारखान्यानं यंत्र विकणाऱ्याला पैसे पाठवले, त्याचं खातं पुण्यात दुसऱ्या बँकेत. संध्याकाळी आपल्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून पाच कोटी जातात आणि त्या बँकेच्या खात्यात पडतात. आपली राखीव रक्कम अख्ख्या पाच कोटींनी उतरली, ३ टक्क्यांनी नाही. एका बँकेला हाताशी असलेल्या जादा रकमेपुरतंच देता येतं.

सगळ्या बँका मिळून पाहिलं तर ते पाच कोटी कुठेच गेलेले नाहीत. दुसऱ्या बँकेत ते ठेव म्हणून आले, त्यावर १५ लाख सीआरआर बाजूला पडेल आणि बाकीचं पुढे फिरेल. पण तेहेतीसपट कधीच होत नाही. कुणी नोटा काढून घरात ठेवल्या की तेवढी राखीव रक्कम या चक्रातून बाहेर पडते, आणि दिवाळीच्या आठवड्यात हे डोळ्यांनी दिसतं. आगाऊ प्राप्तिकराची १५ डिसेंबरसारखी तारीख आली की पैसा बँकांकडून रिझर्व्ह बँकेतल्या सरकारी खात्यात जातो, आणि सरकारनं खर्च करेपर्यंत तिथेच राहतो. त्या आठवड्यात सीआरआर न बदलताही बँकांचा हात आखडतो.

रिझर्व्ह बँक हे हत्यार उलट्या बाजूनंही वापरते. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये ठेवींचा लोंढा आला, तेव्हा १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या देण्यांवर तिनं तब्बल १०० टक्के जादा सीआरआर लावला. म्हणजे वाढ झाली तेवढी सगळी बिनव्याजी बाजूला ठेवा. पुढच्याच महिन्यात तो काढला. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन हजारांच्या नोटा परत आल्यावर असाच, पण १० टक्क्यांचा, जादा सीआरआर काही आठवडे होता. दोन्ही वेळा ठेवी भरपूर होत्या, तरी त्या वाढीतून कर्जाला जागा तेवढी निघाली नाही.

पायरी ६ : बातमी आली की पडताळून बघा

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सीआरआर १ टक्का कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्यातून सुमारे अडीच लाख कोटी मोकळे होतील असं सांगितलं. उलटा भागाकार करा. १ टक्का म्हणजे अडीच लाख कोटी, तर सगळ्या बँकांचा पाया साधारण २५० लाख कोटी. आधीच्या डिसेंबरमध्ये अर्ध्या टक्क्याला १.१६ लाख कोटी सांगितले होते, म्हणजे पाया २३२ लाख कोटी. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. मग तारखा बघा. जूनची कपात त्याच दिवशी लागू झाली नाही. ६ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि २९ नोव्हेंबर असे पाव-पाव टक्क्याचे चार हप्ते होते. जूनमध्ये 'बँकांकडे अडीच लाख कोटी आले' असं ज्यांनी लिहिलं, ते तीन महिने आधी लिहीत होते.

आणि कर्जदाराला काय मिळतं? व्यापारी बँका स्वतःच्या निधीच्या खर्चावरून कर्जाचा जो पायाभूत दर ठरवतात, त्या एमसीएलआर दरात सीआरआरचा खर्च हा स्वतंत्र घटक असतो. त्याचं सूत्र साधं आहे : सीआरआर गुणिले निधीचा सीमांत खर्च, भागिले एक वजा सीआरआर. खर्च ७ टक्के धरा. सीआरआर ४ टक्के असताना हा घटक ०.२९ टक्के येतो, ३ टक्के झाल्यावर ०.२२ टक्के. फरक सुमारे ०.०७५ टक्के. एमसीएलआरला जोडलेल्या वीस लाखांच्या कर्जावर वर्षाला अंदाजे दीड हजार रुपये, तेही दर पुन्हा ठरण्याची तारीख आल्यावर. ऑक्टोबर २०१९ नंतरची बहुतेक फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत, आणि त्यांच्या दरात सीआरआरच्या कपातीनं आपोआप एक पैसाही बदलत नाही. आपलं कर्ज कुठल्या दराला बांधलं आहे ते मंजुरीपत्रात 'बेंचमार्क' या शब्दासमोर लिहिलेलं असतं. ते आधी काढून बघा.